पोरगं इंग्रजी वाचतं, पण त्याला कळतं किती? पुस्तकातल्याच धड्यावरून उतारा तयार करण्याची रीत

दहावीचा निकाल लागला की गावात पहिली चौकशी होते ती गणित आणि इंग्रजीच्या गुणांची. इंग्रजीत पास झालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, अशी आपली समजूत असते. पण गुणपत्रिकेवरचा आकडा आणि मुलाला प्रत्यक्ष उमगलेले इंग्रजी यांत बरेच अंतर असू शकते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी 'असर' या अहवालासाठी २०२३ साली झाली. तिच्यात इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले शंभरात ५७ निघाली. वाचणाऱ्यांना त्या वाक्यांचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे पाऊण हिश्श्यालाच तो सांगता आला. म्हणजे शंभरातली ५७ वाचतात आणि अर्थ सांगणारी ४२ च्या आसपास राहतात. मधली पंधरा मुले अक्षरे वाचतात, पण मजकूर त्यांच्या हाती लागत नाही.

हे झाले सुट्या वाक्यांचे. उताऱ्यात याच्या पुढची एक पायरी असते. लिहिणाऱ्याने काही गोष्टी सांगितलेल्या असतात, तर काही वाचणाऱ्याने ओळखाव्यात म्हणून सोडून दिलेल्या असतात. त्या न सांगितलेल्या गोष्टी विचारणारा प्रश्न म्हणजे अनुमानाचा प्रश्न. आपल्या मुलांची गाडी नेमकी इथे अडते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा सराव मुलाच्या स्वतःच्या इंग्रजी पुस्तकातील धड्यावरून कसा करून घेता येतो, ते पाहू.

चार जातीचे प्रश्न

अमेरिकेतील टॅफी राफेल या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात उताऱ्यावरच्या प्रश्नांची साधी विभागणी करून दिली. उत्तर कुठे सापडते, एवढ्यावरून त्यांनी प्रश्नांच्या चार जाती पाडल्या. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इंग्रजी कुमारभारती पुस्तकात रस्किन बाँड यांची बँक बुडवणाऱ्या पोराची गोष्ट आहे. तिच्यावरून या जाती समजून घेऊ.

गोष्ट थोडक्यात अशी. पिपलनगर बँकेच्या पायऱ्या झाडणारा नथू नावाचा पोरगा, पगार वेळेवर मिळाला नाही म्हणून धोब्याच्या पोराजवळ कुरकुर करतो. ती कुरकूर एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि जाताना वाढत जाते. शेवटी बँक बुडाली अशी गावभर बोंब होते आणि पैसे काढायला लोकांची झुंबड उडते. एकाच दिवशी सगळ्यांना देण्याइतकी रोकड कुठल्याच शाखेत नसते. मॅनेजर 'उद्या या' म्हणतो आणि लोक आणखीच भडकतात.

आता पहिल्या जातीचा प्रश्न घ्या. नथू कुठे काम करतो? याचे उत्तर एका ओळीत तयार आहे. दुसरी जात शोधून जोडायची. बातमी कोणाकडून कोणाकडे गेली, ते क्रमाने सांगा. याचे उत्तर मजकुरातच आहे, पण चार ठिकाणांहून गोळा करावे लागते. तिसरी जात लेखक आणि मी यांनी मिळून उत्तर देण्याची. 'उद्या या' हे ऐकून लोक शांत व्हायच्या ऐवजी का भडकले? ही गोष्ट लेखकाच्या मजकुरात खुणांच्या रूपाने असते. घाबरलेल्या माणसाला 'उद्या' हा शब्द कसा ऐकू येतो, हे वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवातून आणावे लागते. दोन्ही जोडले की उत्तर मिळते. चौथी जात निव्वळ स्वतःच्या मताची. तुम्ही अफवा ऐकली तर काय कराल? याला उतारा वाचला नाही तरी चालते.

अनुमानाचा खरा प्रश्न तिसऱ्या जातीचा. मुलांच्या वह्या उघडून बघा, पहिल्या आणि चौथ्या जातीचे प्रश्न भरपूर दिसतील, तिसऱ्या जातीचा एखादाच. त्याचे कारण उघड आहे. पहिल्या जातीचा प्रश्न काढायला सोपा आणि तपासायलाही सोपा. चौथ्याला काहीही लिहिले तरी गुण द्यावे लागतात.

मूळ धडा का नको, गाईडातला उतारा का नको

मग वर सांगितलेल्या धड्यावरच तिसऱ्या जातीचे प्रश्न विचारले तर? अडचण अशी की तो धडा वर्गात दोनदा शिकवून झालेला असतो, गाईडात त्याचा मराठी सारांश असतो आणि शेवट मुलाला पाठ असतो. लोक का भडकले, याचे उत्तर मुलगा आठवणीतून देतो, ओळी वाचून नव्हे. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात, पण वाचनाची परीक्षा झालेलीच नसते. दहावीच्या कृतिपत्रिकेत पुस्तकातल्या उताऱ्यांबरोबर पुस्तकाबाहेरचाही उतारा येतो. तिथे पाठांतराचा उपयोग नसतो आणि हातातले गुण तिथेच जातात.

उलट, बाजारातल्या पुस्तकातला भलताच उतारा दिला तर दुसरे संकट. हू आणि नेशन या दोन अभ्यासकांनी २०००साली असे दाखवले की कोणाच्या मदतीविना मजकूर नीट समजायचा, तर त्यातले शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. शंभर शब्दांच्या उताऱ्यात दोन शब्द अनोळखी असले तर चालतात. दहा-पंधरा असले तर मुलगा शब्दांशीच झगडत बसतो. त्याने उत्तर चुकवले, तर शब्द आले नाहीत म्हणून चुकले की अनुमान जमले नाही म्हणून, हे शिक्षकालाही कळत नाही.

म्हणून मधला रस्ता काढायचा. शब्द धड्यातले घ्यायचे, घटना नवी घ्यायची. शब्द ओळखीचे असल्यामुळे ती अडचण राहत नाही आणि घटना नवी असल्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. मग जे तपासले जाते, ते निखळ अनुमान.

उतारा कसा बांधायचा

वरच्याच धड्याचे उदाहरण पुढे नेऊ. आधी धड्यातले मुलाला पक्के येणारे बारा-पंधरा शब्द वहीत काढा. बँक, मॅनेजर, क्राउड म्हणजे गर्दी, सेव्हिंग्ज म्हणजे बचत, रूमर म्हणजे अफवा, अशा धर्तीचे. उतारा ९० ते १०० शब्दांपुरताच ठेवा. वाक्ये आठ-दहा शब्दांची असावीत.

आता महत्त्वाची गोष्ट. लिहायला बसण्याच्या आधी, काय सांगायचे नाही ते ठरवा. समजा आपण ठरवले की बँकेच्या मॅनेजरच्या घरी मृत्यू झाला आहे, पण 'मृत्यू' हा शब्द उताऱ्यात कुठेही येणार नाही. मुलाने तो खुणांवरून ओळखायचा. इंग्रजीत लिहिलेल्या अशा उताऱ्याचा मराठी मतलब पुढीलप्रमाणे होईल.

गावातल्या छोट्या बँकेचे दार गुरुवारपासून बंद होते. दारावर पाटी नव्हती. शुक्रवारी दूधवाल्या पोराने टपरीवर सांगितले, 'मॅनेजर मोठी बॅग घेऊन पहाटेच गाडीवरून जाताना मी पाहिला.' दुपारपर्यंत गावभर झाले की मॅनेजर सगळ्यांची बचत घेऊन पळाला. शनिवारी सकाळी दारापुढे गर्दी जमली. लोक ओरडू लागले. एकाने दगड उचलला. तेवढ्यात मॅनेजर चालत आला. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्याने दार उघडले.

यावर प्रश्न असा: 'व्हाय वॉज द बँक क्लोज्ड?' बँक बंद का होती? बहुतेक मुले म्हणतील, मॅनेजरच्या घरी कोणीतरी वारले. पण एखादा मुलगा म्हणेल, 'मॅनेजर तिरुपतीला गेला होता.' आता काय करायचे? त्याला चूक देता येत नाही. तिरुपतीला लोक केस देतात, मोठी बॅग प्रवासाला लागते आणि माणूस तिसऱ्या दिवशी परत येतो. उताऱ्यातल्या सगळ्या खुणा त्याच्या उत्तरात बसतात. इथे मुलाचे काही चुकलेले नाही, उताराच अपुरा आहे. उत्तर एकाच खुणेवर उभे आहे आणि त्या खुणेचे दोन अर्थ होतात.

म्हणून उताऱ्याच्या शेवटी आणखी दोन वाक्ये घालू. गर्दी एकदम गप्प झाली. पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने पासबुक पिशवीत परत ठेवले आणि हळूच विचारले, 'कधी?'

आता तिरुपती टिकत नाही. देवदर्शन करून आलेल्या माणसाला पाहून ओरडणारी गर्दी अशी गप्प होत नाही. पैसे काढायला आलेली म्हातारी पासबुक परत ठेवत नाही आणि 'कधी?' असे हळूच विचारत नाही. केस नसणे, गर्दीचे गप्प होणे आणि म्हातारीचा प्रश्न या तिन्ही खुणा एकाच उत्तराकडे बोट दाखवतात. मृत्यू हा शब्द मात्र कुठेच नाही. चांगल्या अनुमानाच्या प्रश्नाला निदान दोन खुणांचा आधार लागतो, तो असा.

गंमत अशी की उताऱ्यातल्या गावानेही अनुमानच केले होते. त्यांच्याजवळ पोराने पाहिलेली बॅग एवढीच एक खूण होती. तेवढ्यावर त्यांनी मॅनेजर पळाल्याचे ठरवून टाकले. नथूच्या गावातही असेच घडते. एका खुणेवर ठोकून दिलेला अंदाज म्हणजे अफवा, आणि दोन-तीन खुणा जुळवून काढलेला निष्कर्ष म्हणजे अनुमान, हा फरक मुलाला या धड्यातूनच समजावता येतो. त्यासाठी दोन प्रश्न जोडीने विचारा. 'व्हॉट डिड द मिल्क बॉय सी?' पोराने काय पाहिले? आणि 'व्हॉट डिड द पीपल ॲड?' लोकांनी पदरचे काय घातले? पाहिलेले डाव्या बाजूला, पदरचे उजव्या बाजूला, अशी वहीत दोन रकाने पाडून उत्तरे लिहून घ्यावीत.

उताऱ्यात आणखी एक बारीक प्रश्न दडला आहे. दारावर पाटी का नव्हती? मॅनेजर पहाटेच निघून गेला आणि पाटी लावली नाही, या दोन गोष्टी जोडल्या की तो अचानक, घाईने गेला हे कळते. हा प्रश्न आधीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. म्हणून तो शेवटी ठेवावा.

प्रश्न खरा की खोटा, कसे ओळखाल

प्रश्न काढून झाले की तीन चाचण्या घ्याव्यात. पहिली, उतारा झाकून ठेवा आणि ज्याने तो वाचलेला नाही अशा कोणाला तरी प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता आले, तर तो प्रश्न वाचनाचा नाही, सामान्य ज्ञानाचा आहे. 'अफवा पसरवणे चांगले की वाईट?' हा प्रश्न या चाचणीत तात्काळ बाद होतो.

दुसरी चाचणी बोटाची. उत्तराचे शब्द जसेच्या तसे एखाद्या ओळीत बोट ठेवून दाखवता आले, तर तो प्रश्न पहिल्या जातीचा, अनुमानाचा नव्हे. खऱ्या अनुमानाच्या प्रश्नात उत्तरावर बोट ठेवता येत नाही, पण आधारावर ठेवता येते.

तिसरी चाचणी दोघांची. उतारा दोन जाणत्या माणसांना वेगवेगळा वाचायला द्या. दोघांची उत्तरे वेगळी आली आणि दोघांनीही आधार दाखवला, तर उताऱ्यात खूण कमी आहे असे समजा. तिरुपतीचा घोळ या चाचणीत शाळेत जाण्याआधीच सापडला असता.

यात एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. अनुमानाचा निम्मा भाग वाचणाऱ्याच्या घरून येतो. डोक्यावर केस नसणे ही खूण ज्याच्या घरात हा रिवाज आहे त्याला लगेच कळते. ज्या समाजात तो नाही, त्या घरच्या मुलाला ती कळणार नाही, आणि तो काही वाचनात कच्चा नसतो. म्हणून सगळ्या वर्गाला माहीत असलेल्या खुणा घ्याव्यात, नाहीतर म्हातारीच्या प्रश्नासारखी दुसरी, सर्वांना कळेल अशी खूण जोडीला ठेवावी. परदेशी उताऱ्यात बर्फ, नाताळचे झाड, तिकडचे जेवणखाण येते, तिथे आपल्या मुलांचे हेच होते. इंग्रजी येत असूनही खूण परकी राहते.

गुण कसे द्यायचे, दोष कुठे आहे

प्रत्येक अनुमानाच्या प्रश्नामागे 'हाऊ डू यू नो?' म्हणजे 'कशावरून?' हे शेपूट असलेच पाहिजे. एक गुण उत्तराला आणि एक गुण आधाराला द्यावा. उताऱ्याच्या ओळींना आधीच आकडे घालून ठेवले, तर मुलगा 'ओळ ९ आणि ११' एवढे लिहूनही आधार देऊ शकतो. उत्तर बरोबर पण आधार कोरा असेल, तर ते अंदाजाने ठोकलेले असू शकते. उत्तर चुकीचे पण आधाराची एक ओळ बरोबर असेल, तर मुलगा वाटेवर आहे, त्याची दुसरी खूण हुकली आहे.

मुलाला उत्तर जमले नाही, तर नेमके कुठे बिनसले ते दोन पायऱ्यांत कळते. पहिल्यांदा त्याला तेच उत्तर मराठीत तोंडी सांगायला लावा. मराठीत बरोबर सांगितले, तर त्याला समजले आहे, फक्त इंग्रजीत मांडता येत नाही. त्याला लेखनाचा सराव हवा. मराठीतही सांगता आले नाही, तर उताराच मराठीतून सांगून पुन्हा विचारा. आता जमले, तर इंग्रजी शब्द किंवा वाक्यरचना आडवी येत होती. तरीही जमले नाही, तर खुणा जोडण्याचीच सवय नाही. ती सवय मराठी गोष्टींवरून आधी लावावी आणि मगच इंग्रजीकडे वळावे. तिन्ही मुलांचे गुण सारखेच पडतात, पण तिघांचे औषध वेगळे आहे. सगळ्यांना सरसकट व्याकरणाचा एकच डोस देऊन उपयोग नाही.

ही रीत कशाला उपयोगी नाही, तेही सांगितले पाहिजे. तिच्याने शब्दसंग्रह वाढत नाही, कारण शब्द मुद्दाम जुनेच घेतलेले असतात. परीक्षेतल्या बाहेरच्या उताऱ्यात नवे शब्द येणारच. म्हणून अशा चार-पाच उताऱ्यांवर हात बसला की प्रत्येक नव्या उताऱ्यात दोन शब्द अनोळखी घालावेत आणि त्यांचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखायला लावावा. तेही एक प्रकारचे अनुमानच आहे. शिवाय नुसत्या गोष्टी घेऊ नयेत. धडा माहितीचा असेल, तर उतारा सूचनेचा किंवा बातमीचा करावा. पाणीपुरवठ्याची एखादी सूचना घ्या. त्यात टाकी धुणार असे लिहा, पण पाणी बंद राहील असे लिहू नका आणि 'आदल्या दिवशी हंडे भरून ठेवा' असे घाला. टाकी धुण्याच्या दिवशी नळाला पाणी येईल का, हे मुलाने सांगावे.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनी काय करायचे

एका धड्यामागे असा एक उतारा आणि चार प्रश्न पुरेत. उतारा इंग्रजीत बांधणे हे शिक्षकांचे काम. पण घटना सुचवायला, खुणा पुरेशा आहेत की नाहीत ते बघायला इंग्रजी लागत नाही. ग्रामसभेत, पालक सभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत इंग्रजीचा विषय निघाला, तर टक्केवारी विचारण्याऐवजी मुलांच्या दोन-चार वह्या मागून घ्याव्यात. 'कशावरून' असे विचारणारे प्रश्न त्यात आहेत का आणि उत्तरापुढे ओळींचे आकडे आहेत का, एवढेच बघावे.

घरी तर याहून सोपे आहे. रात्री जेवणानंतर मुलाला इंग्रजी उतारा वाचू द्या आणि गोष्ट मराठीत सांगायला लावा. मग विचारा, 'यात न लिहिलेले तुला काय कळले?' त्याने काही सांगितले की म्हणा, 'कुठल्या ओळीवरून? बोट ठेव.' एक ओळ दाखवली तर दुसरी मागा. त्याने दोन ओळींवर बोट ठेवले आणि त्यांचा मेळ आपल्याला पटेल असा सांगितला, तर इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या बापालाही खात्री बाळगता येते की पोराने उतारा नुसता वाचलेला नाही, त्याला तो कळला आहे.